ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण मॉनिटरची केबल कुठे लावलीय?

डेस्कटॉपच्या कॅबिनेटची मागची बाजू एकदा नीट बघा. वरच्या भागात यूएसबीची भोकं, लॅन केबलची जागा, स्पीकर आणि माइकच्या गोल पिना अशी सगळी दाटी असते. त्याच दाटीत एखादा एचडीएमआय, कधी डिस्प्लेपोर्ट, कधी निळा व्हीजीए पोर्ट असतो. हे सगळे मदरबोर्डचे. त्याच्या बरंच खाली आडव्या पत्र्याच्या पट्टीत तीन-चार पोर्ट ओळीने बसलेले दिसतात. ते ग्राफिक्स कार्डाचे. मदरबोर्डचे पोर्ट एकावर एक रचलेले असतात आणि कार्डाचे शेजारीशेजारी, एवढं लक्षात ठेवलं तरी टॉर्च न लावता ओळखता येतं.

अडचण अशी की एचडीएमआयची केबल दोन्हीकडे सारखीच घट्ट बसते. वरच्या पोर्टात बसली तरी पुष्कळदा मॉनिटरवर व्यवस्थित चित्र येतं, विंडोज चालू होतं, यूट्यूब चालतं. लोक मग महिनोन्‌महिने तसंच वापरतात आणि घेतलेलं कार्ड पूर्ण ताकदीने चालतच नाही.

हे कसं होतं हे समजायला एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी: चित्र काढणं आणि चित्र मॉनिटरकडे पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गेममधली प्रत्येक फ्रेम कोणत्या तरी ग्राफिक्स चिपने काढायची असते. ती फ्रेम केबलमधून बाहेर पाठवण्याचं काम मात्र ज्या चिपचा तो पोर्ट आहे तीच चिप करते. मदरबोर्डवरच्या एचडीएमआय पोर्टाला स्वतःची अक्कल नसते. त्याच्या तारा थेट प्रोसेसरकडे जातात आणि प्रोसेसरच्या पोटात जी छोटी ग्राफिक्स चिप असते ती त्या पोर्टाची मालक. इंटेलमध्ये तिला यूएचडी ग्राफिक्स म्हणतात, एएमडीमध्ये रेडिऑन ग्राफिक्स. बोलीभाषेत ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’. कार्डावरच्या पोर्टांचं मालक कार्ड. तेव्हा केबल वर लावली की मॉनिटर त्या छोट्या चिपच्या ताब्यात गेला, मग खाली केवढंही मोठं कार्ड बसलेलं असो.

## सगळ्यांच्या बाबतीत एकच लक्षण का दिसत नाही

ही चूक ओळखायला अवघड जाते त्याचं कारण हेच, की तिचा परिणाम प्रत्येक मशीनवर वेगळा दिसतो.

सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स चिपच नसणे. इंटेलच्या आय५-१२४००एफसारख्या, नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ती बंद केलेली असते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसते. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सुटे भाग घेऊन पीसी जोडणारे बरेच जण हेच प्रोसेसर घेतात, कारण ते थोडे स्वस्त पडतात. अशा मशीनमध्ये मदरबोर्डच्या पोर्टात केबल लावली तर मॉनिटर सरळ ‘No Signal’ म्हणतो. मग तो पोर्ट दिलाय कशाला, असं वाटेल. मदरबोर्ड बनवणाऱ्याला तुम्ही त्यावर कुठला प्रोसेसर बसवणार हे माहीत नसतं, म्हणून तो पोर्ट देऊन ठेवतो. आत चिप नसेल तर पोर्ट नुसता शोभेचा. या प्रकारात माणूस हैराण होतो, पण चूक तासाभरात सापडते.

एएमडीवाल्यांसाठी २०२२ नंतर चित्र बदललं. रायझन ७००० मालिकेपासून साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्येही, ‘एफ’ वगळता, एक अगदी छोटी ग्राफिक्स चिप येऊ लागली. म्हणजे रायझन ५ ५६०० वर जी चूक काळ्या स्क्रीनने लगेच उघडी पडायची, तीच रायझन ५ ७६०० वर गपचूप पचून जाते.

दुसरा प्रकार फसवा आहे. प्रोसेसरमध्ये चिप आहे, पण बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमची, सेटिंग ‘Auto’ वर आहे. बऱ्याच मदरबोर्डवर या ‘Auto’ चा अर्थ असा की स्लॉटमध्ये वेगळं कार्ड दिसलं तर प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप आपोआप बंद करायची. आता काय घडतं बघा. नवं कार्ड बसवलं, केबल मात्र आधी होती तिथेच, वर. मशीन चालू केलं तर स्क्रीन काळी. घाबरून कार्ड काढलं, चालू केलं, तर चित्र आलं. पुन्हा कार्ड घातलं, पुन्हा काळी. आता कुणीही छातीठोकपणे सांगेल की कार्ड खराब आहे. कार्ड बिचारं ठणठणीत असतं आणि खालच्या पोर्टातून चित्र पाठवत बसलेलं असतं, फक्त तिथे केबल नसते. दुकानात परत आलेल्या ‘डेड’ कार्डांमध्ये अशी निरोगी कार्डंही सापडतात. त्यामुळे ‘कार्ड काढलं की चालतं’ हे वाक्य ऐकलं, की माझा पहिला प्रश्न केबलबद्दल असतो.

तिसरा प्रकार सगळ्यात चिवट, आणि आज तोच जास्त दिसतो: चिपही चालू, कार्डही चालू, मॉनिटर वरच्या पोर्टात, आणि वरवर सगळं ठीक. याच प्रकारातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो.

## पुतण्याचं ‘डिफेक्टिव्ह’ कार्ड

माझ्या पुतण्याकडे आय५-१२४०० वाला पीसी होता. शेवटी ‘एफ’ नाही, म्हणजे आत यूएचडी ७३० ही चिप आहे. वर्षभर तो त्याच चिपवर कॉलेजचं काम आणि थोडंफार खेळणं करत होता. मग पैसे साठवून आरटीएक्स ३०६० घेतलं, स्वतःच बसवलं, ड्रायव्हर टाकला. पीसी चालू केल्यावर चित्र आलं, त्यामुळे मागे वाकून बघायचं त्याला काही कारणच नव्हतं. चार दिवसांनी फोन.

“काका, कार्ड डिफेक्टिव्ह निघालं वाटतं. दुकानदार म्हणतोय आठवड्याच्या आत आणून दे, बदलून देतो.”

“काय होतंय?”

“माइनक्राफ्ट शेडर लावून चालतच नाही, अगदी स्लाइड शो. पण फोर्झा बरा चालतो. तोही लोक सांगतात तेवढा नाही.”

“मॉनिटरची केबल कशात आहे?”

“एचडीएमआयमध्ये.”

“अरे, एचडीएमआय दोन आहेत तिथे. वरच्या की खालच्या?”

तो गप्प. मग मागच्या बाजूचा फोटो पाठवला. केबल वर, यूएसबीच्या शेजारी. खाली कार्डाच्या चारही पोर्टांवर कंपनीने लावलेल्या काळ्या टोप्या तशाच होत्या.

एक गेम रडतोय आणि दुसरा बरा चालतोय, हीच या प्रकरणातली खरी खूण होती. कार्ड खराब असतं तर दोन्ही गेम रडले असते, किंवा स्क्रीनवर ठिपके, रेघा, मध्येच बंद पडणं असं काही दिसलं असतं. कार्ड अजिबात वापरात नसतं, तर फोर्झा ‘बरा’सुद्धा चालला नसता.

विंडोज १० आणि ११ ला एकाच मशीनमध्ये दोन ग्राफिक्स चिपा सांभाळता येतात. लॅपटॉपमध्ये तर हे रोजचंच आहे. नवे गेम सुरू होताना विंडोजकडे जास्त ताकदीची चिप मागतात आणि ती बहुधा त्यांना मिळते, मॉनिटर तिला जोडलेला नसला तरी. फोर्झाचं तसं झालं. फ्रेम आरटीएक्स ३०६० ने काढली, मग ती पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून साध्या रॅममध्ये आणून ठेवली, तिथून यूएचडी ७३० ने उचलली आणि आपल्या पोर्टातून मॉनिटरला दिली. स्वयंपाक वरच्या मजल्यावर आणि पंगत तळमजल्यावर, असा हा प्रकार. जेवण तेच, पण प्रत्येक वाढप जिना उतरून.

हा जिना किती महाग पडतो? १९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एक फ्रेम साधारण ८.३ मेगाबाइटची. सेकंदाला १४४ फ्रेम म्हटल्या तर साधारण १.२ गिगाबाइट दर सेकंदाला हलवायचे. चौथ्या पिढीच्या पूर्ण रुंदीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची क्षमता सेकंदाला ३१ गिगाबाइटच्या आसपास आहे, तेव्हा रस्ता काही तुंबत नाही. म्हणूनच गेम ‘बरा’ चालतो. पण प्रत्येक फ्रेमला एक जास्तीचा थांबा पडतो, साध्या रॅमवर ओझं येतं आणि माउस हलवल्यापासून स्क्रीनवर फरक दिसेपर्यंतचा वेळ थोडा वाढतो. ४के मॉनिटर असेल तर फ्रेम चौपट मोठी, त्यामुळे हा भुर्दंडही वाढतो.

माइनक्राफ्टचं मात्र वेगळं झालं. त्याची जावा आवृत्ती ओपनजीएल नावाच्या जुन्या पद्धतीने चित्र काढते. अशा कार्यक्रमांचा कल, मॉनिटर ज्या चिपला जोडलाय तीच धरून बसण्याकडे असतो. म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणाऱ्या शेडरचं जड काम सगळं यूएचडी ७३० च्या गळ्यात. त्या चिपला स्वतःची मेमरी नाही, ती प्रोसेसरबरोबर साधी रॅमच वाटून घेते. पुतण्याच्या मशीनमध्ये ३२०० वेगाची डीडीआर४ ची एकच पट्टी होती, तिचा कमाल वेग सेकंदाला २५.६ गिगाबाइट, आणि तोही प्रोसेसरशी वाटून. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्या आवृत्तीची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० गिगाबाइटने धावते. चिपच्या आकारातला फरक सोडूनच द्या, नुसत्या मेमरीतच चौदापट अंतर. स्लाइड शो दिसणारच.

मी त्याला माइनक्राफ्टमध्ये जाऊन F3 दाबायला सांगितलं. उजवीकडे येणाऱ्या बारीक अक्षरांत कोणती ग्राफिक्स चिप वापरात आहे ते लिहिलेलं असतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: Intel(R) UHD Graphics 730. दुकानात जायची गरज तिथेच संपली.

## मागे न वाकता कसं तपासायचं

कॅबिनेट टेबलाखाली कोपऱ्यात अडकलं असेल तर आधी विंडोजला विचारा. Settings उघडा, System, मग Display, आणि खाली Advanced display. दोन मॉनिटर असतील तर वरच्या यादीतून हवा तो निवडा. मॉनिटरच्या नावाखाली अशी ओळ दिसते: Display 1: Connected to Intel(R) UHD Graphics 730. तुमचं कार्ड एनव्हिडियाचं असून तिथे इंटेल दिसलं, तर निकाल लागला. केबल बरोबर असती तर तिथे NVIDIA GeForce RTX 3060 असं आलं असतं. या प्रश्नाचं यापेक्षा सरळ उत्तर देणारी दुसरी जागा विंडोजमध्ये मला माहीत नाही.

एएमडीच्या मशीनवर जरा डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं, कारण प्रोसेसरमधली चिपही रेडिऑन आणि कार्डही रेडिऑन. नुसतं AMD Radeon(TM) Graphics असं, पुढे मॉडेलचा आकडा नसलेलं नाव दिसलं तर ती प्रोसेसरमधली चिप. कार्डाच्या नावात RX आणि आकडा असतो.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आणखी एक पुरावा आपसूक मिळतो. NVIDIA Control Panel उघडायला गेलं की ते उघडण्याऐवजी असा निरोप देतं:

```
NVIDIA Display settings are not available.
You are not currently using a display attached to an NVIDIA GPU.
```

हा निरोप वाचून पुष्कळ जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. ड्रायव्हरचा काही संबंध नसतो. दुसरी ओळ शब्दशः घ्यायची: तुमचा मॉनिटर एनव्हिडियाला जोडलेलाच नाही.

कमांड वापरायची सवय असेल तर पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
Get-CimInstance Win32_VideoController |
  Select-Object Name, CurrentHorizontalResolution, CurrentRefreshRate
```

मशीनमधल्या सगळ्या ग्राफिक्स चिपांची नावं येतील. ज्या नावापुढे 1920 आणि 60 असे आकडे आहेत तिच्यावर मॉनिटर आहे. ज्या नावापुढची जागा रिकामी, ती चिप चालू आहे पण तिला मॉनिटर नाही. पुतण्याकडे इंटेलपुढे आकडे होते आणि एनव्हिडियाची जागा कोरी.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे Device Manager. तिथे Display adapters खाली कार्डाचं नाव दिसलं की ‘कार्ड लागलं’ असं समजून लोक निश्चिंत होतात. त्याचा अर्थ इतकाच की विंडोजला कार्ड सापडलंय. मॉनिटर कुणाला जोडलाय हे ती यादी सांगत नाही. दुसरं म्हणजे Task Manager मधला GPU चा आलेख. गेम चालू असताना तिथे कार्ड ऐंशी-नव्वद टक्के कामात दिसलं तर केबल बरोबर असेल असं वाटतं. पण फोर्झाच्या वेळी पुतण्याकडेही तसंच दिसलं असतं, कारण चित्र खरोखर कार्डच काढत होतं. तिथल्या GPU 0 आणि GPU 1 या क्रमांकांवरही जाऊ नका, शून्य नंबर कुणाला मिळेल याचा नेम नसतो. नाव वाचा.

आणखी एक चाहूल रिफ्रेश रेटमध्ये मिळते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला आणि Advanced display मधल्या यादीत १४४ चा पर्यायच नाही, असं होऊ शकतं. स्वस्तातल्या बऱ्याच मदरबोर्डवरचा एचडीएमआय पोर्ट १.४ या जुन्या प्रकारचा असतो. तो १०८० ला साधारण १२० हर्ट्झपर्यंत आणि ४के ला फक्त ३० हर्ट्झपर्यंत जातो. ४के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत फिरतोय असं वाटलं, तर ते बहुधा हेच ३० हर्ट्झ. मात्र केबल निकृष्ट असली किंवा मॉनिटरचा एचडीएमआय पोर्टच तेवढा वेग घेत नसला तरी यादी अशीच तोकडी दिसते, म्हणून या एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

## केबल वर जाते तरी का

कार्ड मागाहून बसवलं आणि केबल हलवायची राहिली, हे एक कारण झालं. वरचे पोर्ट उघडे आणि खालच्यांवर टोप्या, त्यामुळे खालचे पोर्ट बंद आहेत असा समज होतो, हे दुसरं.

पण आपल्याकडे सगळ्यात खरं कारण म्हणजे व्हीजीए केबल. घरात आठ-दहा वर्षं जुना, चालू स्थितीतला मॉनिटर असतो, त्याला निळ्या टोकाची, दोन स्क्रूवाली केबल. नवं कार्ड येतं आणि त्यावर ती केबल बसेल असा पोर्टच नसतो. एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १०८० वाल्या पिढीपासून कार्डातून अ‍ॅनालॉग सिग्नल काढूनच टाकला. मदरबोर्डवर मात्र निळा पोर्ट अजूनही सापडतो. मग जिथे बसेल तिथे केबल लावली जाते, आणि त्यात माणसाचा तरी काय दोष!

मॉनिटरला दुसरा पोर्ट आहे का हे आधी बघा. बऱ्याच मॉनिटरना खाली एचडीएमआय किंवा डीव्हीआय असतो, फक्त तो कधी वापरलेला नसतो. एचडीएमआय असेल तर एक साधी केबल घेतली की झालं. डीव्हीआय असेल तर एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी केबल मिळते, तीही चालते. खरोखर व्हीजीएच असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए असा कन्व्हर्टर लागतो. त्यात डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉग करणारी छोटी चिप असते, त्यामुळे दिशा महत्त्वाची. दुकानात मागताना ‘कार्डात एचडीएमआय, मॉनिटरला व्हीजीए’ असं स्पष्ट सांगा. उलट्या दिशेचाही कन्व्हर्टर मिळतो, दिसायला बराचसा तसाच, पण इथे उपयोगाचा नाही.

## केबल हलवताना

काम दोन मिनिटांचं आहे. पीसी शट डाउन करा, बटण बंद करा. चालू मशीनमध्ये एचडीएमआय काढून घातली म्हणून काही जळत नाही, पण त्यासाठी जड कॅबिनेट ओढून फिरवावं लागतं आणि आत हार्ड डिस्क फिरत असते, तेव्हा बंद केलेलं बरं. डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर टोकावरची चिमुकली कळ दाबून धरा आणि मग ओढा. ती न दाबता हिसका दिला तर पोर्टच उखडायची भीती. कार्डाच्या हव्या त्या पोर्टाची टोपी काढा आणि केबल तिथे शेवटपर्यंत घाला.

मग मॉनिटरकडे बघा. एचडीएमआयवरून डिस्प्लेपोर्टवर गेलात तर मॉनिटरच्या बटणांनी मेनूमध्ये जाऊन Input तसा निवडावा लागेल. तो बदलला नाही म्हणून ‘No Signal’ आला आणि लोकांनी केबल पुन्हा वर लावली, असंही घडतं.

चित्र आलं की तीन गोष्टी बघून घ्या. विंडोजसाठी ही नवी जोडणी असते, त्यामुळे रिफ्रेश रेट बहुधा ६० वर येऊन बसतो. Advanced display मध्ये जाऊन तो १४४ किंवा मॉनिटरचा जो असेल तो करा. पुतण्याकडे केबल हलवल्यावर १४४ चा पर्याय यादीत पहिल्यांदा दिसला. मॉनिटरचे स्पीकर वापरत असाल तर आवाज गायब झालेला असू शकतो, कारण एचडीएमआयचा आवाजही आता कार्डातून येतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदला. आणि सगळी अक्षरं बोजड, चित्र ताणलेलं दिसत असेल तर कार्डाचा ड्रायव्हर टाकलेला नाही. Device Manager मध्ये Microsoft Basic Display Adapter असं नाव दिसेल. कार्ड कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या.

बायोसमध्ये काहीही बदलायची यात गरज पडत नाही. तिथे iGPU Multi-Monitor किंवा Internal Graphics अशा नावाने प्रोसेसरमधली चिप चालू-बंद करता येते, आणि काही जण ती ‘कायमची बंद करून टाक’ असा सल्ला देतात. मला तो पटत नाही. उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर त्याच चिपवर मशीन चालवायचं असतं. शिवाय व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना इंटेलच्या चिपमधला, व्हिडिओ झटपट तयार करून देणारा क्विक सिंक उपयोगी पडतो.

## खालच्या पोर्टातून काहीच आलं नाही तर

हे झालं तर गडबडून जाऊ नका, केबल पुन्हा वर लावा. वरून चित्र येत असेल तर तोच तपासाचा मार्ग. विंडोज उघडून Device Manager मध्ये कार्डाचं नाव दिसतंय का ते बघा.

नाव नीट दिसत असेल, पिवळा त्रिकोण नसेल, तर कार्ड जिवंत आहे. मग केबल, मॉनिटरचा Input किंवा तो एक पोर्ट, यांत दोष आहे. कार्डाचा दुसरा पोर्ट आणि दुसरी केबल करून बघा.

नावच नसेल तर कार्डाला वीज मिळत नसेल किंवा ते स्लॉटमध्ये पूर्ण बसलेलं नसेल. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डाला स्लॉटमधून मिळणारी ७५ वॅट वीज पुरत नाही, एसएमपीएसमधून येणारी आठ पिनांची केबल कार्डाच्या कडेला लावावीच लागते. ती राहिली तर काही कार्डं कार्डाच्याच पोर्टावर वीज जोडायला सांगणारा संदेश दाखवतात. पण तुमचा मॉनिटर वरच्या पोर्टात असेल, तर तो संदेश तुम्हाला दिसणार कसा? म्हणून ही चूक आणि विजेची केबल विसरणं एकत्र झालं की शोध लांबतो. कार्ड बसवताना स्लॉटच्या टोकाची प्लॅस्टिकची कडी ‘टक्’ करून मिटली का, तेही बघा. लांब, जड कार्डं मागच्या टोकाला थोडी उचललेली राहतात आणि डोळ्यांना सरळ दिसतात.

त्रिकोणासकट नाव दिसलं तर आधी ड्रायव्हर पुन्हा टाका, आणि त्यानेही नाही भागलं तर आता खुशाल दुकानात जा. यावेळी तुमच्याकडे सांगायला ठोस कारण आहे.

## वरचा पोर्ट मुद्दाम वापरणारे

दोन मॉनिटर असतील तर दुसरा, ज्यावर फक्त व्हॉट्सअ‍ॅप, मेल किंवा एखादं पीडीएफ उघडं असतं, तो वरच्या पोर्टात राहिला तर बिघडत नाही. कार्डावर पोर्ट कमी पडत असतील किंवा घरात एकच डिस्प्लेपोर्टची केबल असेल तर लोक असं मुद्दाम करतात, आणि कार्डाची थोडी मेमरीही वाचते. खेळायचा मॉनिटर तेवढा खाली हवा आणि Display मध्ये तोच Make this my main display करून ठेवलेला हवा. यासाठी बायोसमधली ‘Auto’ सेटिंग बदलून चिप चालू करावी लागू शकते, एरवी वरचा पोर्ट काळाच राहील.

लॅपटॉपवाल्यांना मात्र या सगळ्यात पडायचं कारण नाही. तिथे स्क्रीन कुठल्या चिपला जोडायची हे कारखान्यातच ठरलेलं असतं. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये मक्स स्विच नावाची सोय असते, तिने स्क्रीन थेट कार्डाला देता येते. बाहेरच्या मॉनिटरसाठीचा एचडीएमआय पोर्ट कुणाच्या ताब्यात आहे, हे लॅपटॉपनुसार बदलतं. मॉनिटर जोडून Advanced display मधली तीच Connected to वाली ओळ वाचली की तेही कळतं.